वाईट जेवणाबद्दल नीट कसं लिहावं: पणजीतल्या एका फिश थाळीचं उदाहरण

ओळखीतली एक मुलगी साताऱ्याहून नोकरीसाठी फोंड्याला आली. जुलैतल्या एका रविवारी मैत्रिणीला घेऊन ती पणजीत जेवायला गेली आणि रात्री तिने मला हा मजकूर पाठवला. सोबत एकच प्रश्न होता, "काका, टाकू का?"

"चुकूनही जाऊ नका!!! गोव्यातलं सगळ्यात भिकार हॉटेल. मासा शिळा, नक्कीच फॉर्मॅलिन मारलेला. भात जाडाभरडा, रेशनचा. कढीत लाकडाचे तुकडे निघाले. इसवण फ्राय म्हणजे तेलात बुडवलेला पुठ्ठा. पाऊण तास ताटकळत ठेवलं. वेटर उर्मट. बाहेरच्यांना लुटायचं ठरवूनच बसलेत, जबरदस्तीने सर्व्हिस चार्ज घेतला. मालक गल्ल्यावर बसून मोबाइल बघत होता. रात्री पोट बिघडलं. अन्न खात्याने टाळं ठोकलं पाहिजे. एक स्टारसुद्धा जास्त आहे."

जेवण वाईट होतं यात मला शंका नव्हती. पण हा मजकूर वाचून त्या जेवणाचं नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही, लिहिणारी किती चिडली आहे एवढंच कळतं. नव्याने लिहू लागलेल्यांचे बहुतेक कडक अभिप्राय असेच असतात. म्हणून हाच मजकूर घेऊन तो आम्ही कसा बदलला ते टप्प्याटप्प्याने सांगतो. हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही. आणि मी स्वतः काही वर्षं एका खाणावळीच्या गल्ल्यावर बसलोय, तेव्हा माझा कल कुठे जाईल हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी वाक्यं वेगळी करा

मजकूर कागदावर उतरवा, एका ओळीत एकच वाक्य. प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा. जे डोळ्यांनी पाहिलं, जिभेने चाखलं, कानाने ऐकलं किंवा बिलावर छापलेलं आहे त्याला एक खूण. जे तुम्ही त्यावरून ताडलं त्याला दुसरी. जे नुसतं रागाने आलं त्याला तिसरी.

या मजकुरात तिसरी खूण मिळालेली वाक्यं चार होती: "भिकार", "चुकूनही जाऊ नका", "टाळं ठोका" आणि "एक स्टार जास्त". ती सरळ काढली. यात सौम्यपणा दाखवायचा हेतू नव्हता. त्या वाक्यांतून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही, ती कुठल्याही हॉटेलाबद्दल लिहिता येतात.

गल्ल्यावर मोबाइल बघणारा मालकही गेला. तिने त्याच्याकडे तक्रार केली असती आणि त्याने मान वर केली नसती, तर ते वाक्य ठेवण्याजोगं होतं. तिने तक्रार केलीच नव्हती. मोबाइल बघणं हा काही जेवणातला दोष नाही.

खरं काम असतं ते दुसऱ्या खुणेच्या वाक्यांचं. त्यांच्या पोटात बहुधा खरी तक्रार असते, पण अंदाजाच्या कपड्यात. ती उघडी करायला स्वतःलाच प्रश्न विचारावे लागतात.

"मासा शिळा होता" म्हणजे नेमकं काय होतं?

मी तिला विचारलं, "वास येत होता?"

"नाही काका. वास अजिबात नव्हता. नुसता कोरडा. चावला की चोथा."

"काट्यापासून गळून पडत होता का? पिठासारखा मऊ?"

"नाही, उलट तंतू तंतू होत होते."

इथे मासा थोडा माहीत असावा लागतो. उतरलेला मासा शिजवल्यावर मऊ पडतो, पिठूळ लागतो, काट्याला धरून राहत नाही आणि त्याचा उग्र वास मसाल्यालाही दबत नाही. कोरडा, तंतुमय, रस निघून गेलेला मासा हा बहुतेक वेळा दोन कारणांनी होतो: गोठवून ठेवलेला असतो किंवा जास्त वेळ तव्यावर राहिलेला असतो. तिच्या ताटातला तुकडा या कोरड्या प्रकारातला होता. म्हणजे "शिळा" हा शब्द तिच्याच जिभेच्या साक्षीला धरून नव्हता.

त्यात महिना जुलै. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट आहे, खाडीतले मासेही बाजारात येतात, पण इसवणीसारखा, म्हणजे सुरमईसारखा, मोठा मासा या दिवसांत बहुतेक करून बर्फातला किंवा गोठवलेला असतो, नाहीतर बाहेरच्या राज्यांतून ट्रकने आलेला. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे तिकडचा मासा जुलैत इकडे येऊ शकतो. गोव्यात राहणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. पावसात बर्फातली इसवण मिळणं हा गुन्हा नव्हे.

मग तक्रार संपली? नाही, इथून ती सुरू होते. मी विचारलं, "मासा ताजा आहे का, असं विचारलं होतंस?" ती म्हणाली, "हो ना! वेटर म्हणाला, आमच्याकडे सगळं ताजंच असतं." हे वाक्य तिच्या मूळ मजकुरात नव्हतंच, आणि सगळ्यात वजनदार तेच होतं. विचारल्यावर ताजं सांगितलं आणि ताटात कोरडा, तंतुमय तुकडा आला. यात अंदाज कुठेही नाही. निष्कर्ष वाचणारा काढेल, आणि गोव्यातला वाचणारा तो अचूक काढेल.

फॉर्मॅलिन हा शब्द जपून

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारातल्या मासळीवरून फॉर्मॅलिनचा वाद उठला आणि सरकारने बाहेरच्या मासळीची आवक काही काळ बंदसुद्धा केली. तेव्हापासून गोव्यात हा शब्द नुसता विशेषण राहिलेला नाही. एखाद्या हॉटेलाच्या नावापुढे तो लिहिणं म्हणजे अन्नात विष घातल्याचा आरोप करणं.

आणि तळलेल्या, मसाल्यात घोळवलेल्या तुकड्यात फॉर्मॅलिन आहे की नाही हे जिभेला कळत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीची झटपट चाचणी तयार केली आहे, पण ती कच्च्या माशावर घासून करायची असते. खरोखर संशय असेल तर गोव्याच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे तक्रार करा. नमुना घेणं, तपासणं हे त्यांचं काम. हॉटेलचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक बिलावर असतो, तो तक्रारीत द्या. अभिप्रायात मात्र हा शब्द नको.

याला कायद्याचीही बाजू आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी आजही फौजदारी गुन्हा आहे. खरं आणि लोकहिताचं लिहिलं असेल तर अपवाद मिळतो, पण आपलं प्रकरण अपवादात बसतं हे दाखवायचं ओझं लिहिणाऱ्यावर येतं. "मासा कोरडा होता" हा तुमचा अनुभव आहे. "फॉर्मॅलिन मारलेला" हे तुम्ही काय घेऊन सिद्ध करणार?

तो पदार्थ तसाच असतो का?

लाकडाचे तुकडे! मला हसू आवरलं नाही. तिने फोटो काढला होता हे बरं झालं. ती तिरफळं होती. बांगड्याच्या किंवा तत्सम माशांच्या कढीत ती घालतातच. सुकलेली साल काळपट, फुटलेली, लाकडी दिसते. ती चावायची नसते, बाजूला काढून ठेवायची असते, चावली तर जीभ बधिर होते. ज्या कढीत तिरफळ पाहिजे त्या कढीत ते सापडणं ही स्वयंपाक्याची चूक कशी?

जाडाभरडा भात तसाच. तो उकडा होता, लालसर, जाड दाण्याचा. गोव्यातल्या थाळीत तो मुद्दाम वाढतात, पुष्कळ ठिकाणी साधा भात मागितला तर तोही मिळतो. मी विचारलं, "भात कच्चा होता? थंड होता?" तर गरम होता आणि शिजलेलाही होता. दोन्ही वाक्यं गेली.

इथे एक धोका मात्र आहे. "त्यांच्याकडे असंच असतं" म्हणत सगळंच माफ करू नका. उकडा भात गार, गोळा झालेला आला तर लिहा. कढीत खोबऱ्याचं वाटण फुटून पाणी वेगळं आणि चोथा वेगळा झाला असेल, तर तेही लिहा, ती कुठल्याच प्रदेशाची परंपरा नाही. मोजायचं ते त्या पदार्थाच्या चांगल्या रूपाशी. ते रूप माहीत नसेल तर लिहिण्याआधी स्थानिक माणसाला विचारा. एका फोनचं काम असतं.

तेलात बुडवलेला पुठ्ठा

ही उपमा तिची लाडकी होती. मी ती काढायला लावली, कारण पुठ्ठा म्हटल्यावर वाचणाऱ्याला फक्त पुठ्ठा दिसतो. मासा कसा होता ते कळत नाही. मी म्हटलं, वरचं आवरण कसं होतं ते सांग. तिने सांगितलं की रवा तुकड्यापासून सुटून ताटात पडत होता, बोटांना तेल लागत होतं आणि आतला मासा कोरडा होता.

हे तीन तपशील एकत्र वाचले की स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या माणसाला चित्र दिसतं. गोठलेला तुकडा सुटताना पाणी सोडतो. ते नीट टिपलं नाही तर रवा ओला होतो, धरत नाही, आणि तवा पुरेसा तापलेला नसेल तर तेल पितो. रविवारच्या गर्दीत तुकडे आधी अर्धवट तळून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा तव्यावर टाकतात, त्यानेही हेच होतं. पण यातलं नेमकं काय झालं हे तिने पाहिलेलं नाही. म्हणून कारण लिहायचं नाही, परिणाम लिहायचा. हॉटेलवाल्याला कारण आपोआप कळेल. ज्याला नीट करायचं आहे त्याला "रवा सुटत होता" हे "पुठ्ठा" पेक्षा फार उपयोगी पडतं, आणि जास्त झोंबतंही.

वेळ फोनमध्ये असते

"पाऊण तास ताटकळलो" असं सगळेच लिहितात. भुकेल्या माणसाची वीस मिनिटंही पाऊण तासाची असतात. मी तिला फोटोंवरच्या वेळा बघायला लावल्या. मेन्यूचा फोटो १:२० चा, थाळीचा १:४४ चा, इसवणीचा २:०५ चा. म्हणजे पाऊण तास खरा निघाला, पण फक्त इसवणीचा. थाळ्या चोवीस मिनिटांत आल्या होत्या. रविवारी दुपारी दीडच्या सुमारास भरलेल्या हॉटेलात थाळीला चोवीस मिनिटं ही तक्रार होत नाही. तळलेला तुकडा थाळी संपत आल्यावर येणं ही होते.

वेटरच्या बाबतीतही हेच केलं. "उर्मट" हा शिक्का काढून त्याचे शब्द ठेवले. ते शब्द बिलाच्या वेळचे होते.

बिल समोर ठेवा

दोन थाळ्या प्रत्येकी ३५० रुपये, इसवण ६५०, जास्तीच्या दोन सोलकढ्या प्रत्येकी ४०. बेरीज १,४३०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज १४३. मग या १,५७३ वर ५ टक्के जीएसटी ७८.६५. एकूण १,६५२. सर्व्हिस चार्ज नसता तर साधारण १,५०२ झाले असते. "लुटलं" या शब्दाच्या जागी दीडशे रुपयांचा हिशेब आला.

या दीडशे रुपयांमागे नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हॉटेलला सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वं कायम ठेवली. तिने तो काढायला सांगितला तेव्हा वेटर म्हणाला, "सगळेच देतात." हे वाक्य जसंच्या तसं ठेवलं. अशी तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही करता येते.

इसवणीचे ६५० मात्र वेगळे. मेन्यूवर माशापुढे "आकाराप्रमाणे" लिहिलेलं होतं आणि तिने आधी भाव विचारला नव्हता. गोव्यात मोठ्या माशाचा भाव असाच सांगतात, ऑर्डर देताना विचारायचा असतो. दर वाजवी होता की नाही ते वाचणारा ठरवेल. "बाहेरच्यांना लुटतात" याला आधार नव्हता, शेजारच्या टेबलाचं बिल तिने पाहिलेलं नव्हतं. ते गेलं.

पोट बिघडलं ते

दुपारी जेवण, संध्याकाळी मिरामारला भेळ, रात्री अकराला त्रास. बरोबरच्या मैत्रिणीने तीच थाळी खाल्ली, तिला काही झालं नाही. अन्नातून होणारा बहुतेक त्रास काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत कधीही उद्भवू शकतो, म्हणून शेवटी आठवतं ते जेवणच दोषी असेल असं नाही. वाक्य काढलं.

एक प्रकार वेगळा ओळखा. बांगडा, इसवण, कुपा असले मासे नीट थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामिन वाढतं, आणि ते शिजवूनही जात नाही. खाता खाता तोंड चुणचुणणं, थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, अंगावर गांध्या येणं, डोकं दुखणं अशी त्याची लक्षणं. असं झालं तर आधी डॉक्टरकडे जा, मग अन्न खात्याकडे. स्टार नंतर द्या.

चांगलं काय होतं?

हे विचारायचं ते गोड बोलण्यासाठी नव्हे. एक चांगली गोष्ट, एक वाईट, पुन्हा एक चांगली अशी रचना करू नका, वाचणाऱ्याला ती युक्ती लगेच कळते. पण ताटातलं काही तुम्ही संपवलं असेल आणि ते लिहिलं नाही, तर चित्र खोटं होतं. तिने किस्मूर, म्हणजे सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर, दुसऱ्यांदा मागून घेतली होती. पावसात सुक्या सुंगटांची किस्मूर बरी असणं स्वाभाविक आहे, ती बंदीच्या दिवसांसाठीच तर असते. सोलकढीही आवडली होती, नाहीतर जास्तीच्या कोण मागवतो?

शेवटी जे तयार झालं ते असं:

"जुलैतल्या रविवारी दुपारी दोघी गेलो होतो, पहिल्यांदाच. हॉटेल भरलेलं होतं. थाळी चोवीस मिनिटांत आली, इसवण रवा फ्राय मात्र पाऊण तासाने, थाळी संपत आल्यावर. इसवण निराशाजनक होती: रवा सुटून ताटात पडत होता, तेल बोटांना लागत होतं आणि मासा आतून कोरडा, तंतुमय होता. ऑर्डर देताना 'ताजा आहे का' विचारलं तेव्हा 'आमच्याकडे सगळं ताजंच असतं' असं उत्तर मिळालं. मासेमारी बंदीच्या दिवसांत बर्फातला मासा असणं समजू शकतं, तसं सांगितलं असतं तर आम्ही दुसरं काही घेतलं असतं. मेन्यूवर भाव नव्हता, आम्हीही विचारला नाही. एका तुकड्याचे ६५० रुपये लागले. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज होता. काढायला सांगितल्यावर 'सगळेच देतात' म्हणाले, काढला नाही. माशाबद्दल आम्ही तिथे तक्रार केली नाही. किस्मूर आणि सोलकढी छान होती, कढी-भात ठीक. पावसाळ्यात इथे मोठ्या माशाचा फ्राय मी घेणार नाही. दोन स्टार."

मूळ मजकुरापेक्षा हा लांब आहे, आणि माझ्या मते जास्त कडक. "पहिल्यांदाच" हा शब्द राहू द्या, एका भेटीवरून लिहिताय हे वाचणाऱ्याला कळायला हवं. "तिथे तक्रार केली नाही" हे वाक्य तिला नको होतं, त्याने आपली बाजू लंगडी पडते असं तिला वाटत होतं. मी आग्रहाने ठेवलं. हॉटेलला चूक सुधारायची संधी मिळाली होती की नव्हती, यावर वाचणाऱ्याचं मत बदलू शकतं, म्हणून ते त्याच्यापासून लपवायचं नाही.

टाकण्याआधी मजकूर एक रात्र तसाच राहू द्या आणि सकाळी पोटभर खाऊन मग वाचा. हॉटेलकडून उत्तर आलं आणि त्यांनी सर्व्हिस चार्ज परत केला, तर मूळ मजकूर पुसू नका. खाली तारीख घालून एक ओळ जोडा: रक्कम परत मिळाली. अभिप्राय काढला तर फुकट जेवण देतो, असा फोन आला तर नाही म्हणा. पुन्हा जायचंच असेल तर पैसे देऊन, ऑगस्टनंतर, बोटी समुद्रात गेल्यावर जा आणि तीच इसवण मागवा. चांगली निघाली तर तेही त्याच मजकुराखाली लिहा.